‘काय आहे’ आणि ‘आहे काय’

मी तत्त्वज्ञानाच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अकराव्या शतकातला इस्लामी तत्त्वज्ञ इब्न सीना याने दिलेल्या अनिवार्य सत्तेच्या सिद्धतेवर मी सेमिनार दिला. ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं, कारणांची साखळी अनंत मागे जाऊ शकत नाही, म्हणून एक पहिलं कारण आहे,’ असं मांडलं. वर्गातल्या एका मित्राने विचारलं, ‘प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून सगळ्या मानवजातीला आई असते का?’ मला उत्तर देता आलं नाही. सर म्हणाले, ही इब्न सीनाची सिद्धता नाहीच, आणि स्वरूप-अस्तित्व भेद तुझ्या मांडणीत कुठेही कामाला आलेला नाही. महिन्याभरात निबंध द्यायचा आहे. माझं नक्की कुठे चुकलं?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

तुमच्या सरांचं म्हणणं बरोबर आहे. मित्राचा प्रश्नही चांगला आहे, पण तो तुमच्या मांडणीला लागतो, इब्न सीनाच्या नाही. आधी दोन वाक्यं खोडून टाका. पहिलं, ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं.’ इब्न सीना असं कुठेही म्हणत नाही आणि म्हणूच शकत नाही, कारण ज्याला कारण नाही असं काहीतरी आहे, हेच त्याला दाखवायचं आहे. दुसरं, ‘साखळी अनंत मागे जाऊ शकत नाही.’ कारणांची साखळी कुठेतरी थांबते, असा एक युक्तिवाद ‘शिफा’ या त्याच्या मोठ्या ग्रंथातल्या तत्त्वमीमांसेच्या आठव्या प्रकरणात आहे आणि त्याची मुळं ॲरिस्टॉटलमध्ये आहेत. विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा तिथूनच सुरू होतो. ‘नजात’ आणि ‘इशारात’ या ग्रंथांतली जी सिद्धता तुम्ही निवडली आहे, तिच्यात मात्र तो अगदी स्पष्टपणे सांगतो की शक्य वस्तूंचा समूह सांत असो वा अनंत, निष्कर्ष तोच येतो. अनंताची भीती या सिद्धतेत नाहीच. उलट इब्न सीना जग अनादी मानणारा. बापाचा बाप, त्याचा बाप अशी मागे न संपणारी वंशावळ त्याला पूर्ण मान्य होती, आणि धर्मपंडित गझालीने 1095 साली त्याच्यावर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याचा राग मुख्यतः या अनादी जगावरच होता.

मग सिद्धता उभी कशावर आहे? तुमच्या मांडणीत कामाला न आलेल्या त्या भेदावरच. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मराठीत हा भेद शब्दांच्या नुसत्या क्रमात पकडता येतो. ‘त्रिकोण काय आहे?’ हा एक प्रश्न आणि ‘त्रिकोण आहे काय?’ हा दुसरा. शब्द तेच, जागा बदलल्या, आणि एकाचं उत्तर दिल्याने दुसऱ्याचं मिळत नाही. अरबीतला ‘माहिय्या’ हा शब्द ‘ती काय आहे’ या प्रश्नातूनच घडलेला आहे. मराठी पुस्तकांत त्याला कुठे सार, कुठे सत्त्व म्हणतात. मी इथे ‘स्वरूप’ म्हणते. ‘वुजूद’ म्हणजे अस्तित्व. त्याचा धातू सापडणं, मिळणं या अर्थाचा आहे, आणि आपल्या बोलण्यातला ‘मौजूद’ त्याच घरातला. ‘शिफा’च्या पहिल्या प्रकरणात इब्न सीना म्हणतो की प्रत्येक वस्तूला तिची एक ‘हकीकत’ असते, जिच्यामुळे ती जी आहे ती असते: त्रिकोणाची हकीकत तो त्रिकोण असण्यात, पांढरेपणाची पांढरेपणा असण्यात. आपण ‘हकीकत’ हा शब्द घडलेल्या गोष्टीच्या सांगण्यासाठी वापरतो. तिथे ती वस्तूचं खरं रूप एवढंच सांगते, ती वस्तू घडली की नाही ते सांगत नाही.

‘इशारात’च्या चौथ्या विभागात त्याने त्रिकोणाचंच उदाहरण घेतलं आहे. त्रिकोण रेषा आणि पृष्ठ यांचा बनलेला असतो, हे तुम्हाला समजलेलं असतं, तरी असा त्रिकोण बाहेर कुठे प्रत्यक्ष आहे का, याविषयी तुम्ही साशंक असू शकता. बहुतेक विद्यार्थी इथे थांबतात आणि लिहितात, ‘म्हणून स्वरूप आणि अस्तित्व भिन्न आहेत.’ तुम्ही इथे थांबू नका, कारण एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. पहाटेची शुक्राची चांदणी ओळखणाऱ्या माणसाला संध्याकाळची चांदणी तीच आहे याविषयी शंका असू शकते. म्हणून चांदण्या दोन होत नाहीत. शंका माणसाच्या माहितीतली उणीव दाखवते, वस्तूतला भेद दाखवत नाही. पुढे तेराव्या शतकात तोमास आक्विनासने फिनिक्स पक्ष्याचं उदाहरण घेऊन हाच मार्ग धरला, आणि त्यालाही हाच आक्षेप येतो.

हे उदाहरण वाचवायचं तर एक गोष्ट जोडावी लागते, आणि इब्न सीनाच्या तर्कशास्त्रात ती आहे. शंका येते एवढंच सांगून भागत नाही. स्वरूप जर पूर्ण समजलेलं असेल, तर त्या स्वरूपाचा कोणताही घटक त्याच्याविषयी नाकारता येत नाही. ‘रेषांनी न वेढलेला त्रिकोण’ ही कल्पनाच मोडून पडते. ‘अस्तित्वात नसलेला त्रिकोण’ ही कल्पना मात्र मोडत नाही. म्हणजे अस्तित्व हा त्रिकोणाच्या स्वरूपाचा घटक नव्हे. चांदणीच्या उदाहरणात आपल्याला शुक्राचं स्वरूप समजलेलं नव्हतं, फक्त दोन वर्णनं माहीत होती, म्हणून ते इथे लागू होत नाही. किंमत मात्र मोजावी लागते: ज्या वस्तूचं स्वरूप आपल्याला पूर्ण समजलं आहे, तिच्यापुरताच हा युक्तिवाद चालतो. तुमच्या निबंधात ही मर्यादा स्पष्ट लिहा.

आता भेद सिद्ध झाला, पण कोणत्या प्रकारचा? बारावी-तेरावी शतकं या एका प्रश्नावर भांडली. इब्न सीना म्हणतो की अस्तित्व स्वरूपाला बाहेरून येऊन जोडलं जातं. अंदलुसियातला तत्त्वज्ञ इब्न रुश्द याने हे ऐकून समजूत करून घेतली की भिंतीला चुना लागावा तसं अस्तित्व वस्तूला लागतं, आणि मग त्याने हरकत घेतली की चुना लागायला आधी भिंत असावी लागते. इराणी तत्त्वज्ञ सुह्रवर्दीची हरकत याहून टोकदार होती. अस्तित्व ही जर स्वरूपाबाहेरची खरीखुरी वस्तू असेल, तर त्या अस्तित्वाविषयीही मी तोच प्रश्न विचारू शकतो, ते आहे काय? मग त्याला आणखी एक अस्तित्व, त्याला आणखी एक, आणि हे कधीच संपणार नाही. म्हणून त्याने अस्तित्व ही केवळ बुद्धीतली एक कल्पना मानली.

इब्न सीनाचा सगळ्यात दक्ष भाष्यकार नसीरुद्दीन तूसी यातून वाट काढतो. त्याचं म्हणणं असं की स्वरूप अस्तित्वाशिवाय वेगळं पडतं ते फक्त बुद्धीत. बाहेर आधी नुसतं स्वरूप उभं आहे आणि मग त्यावर अस्तित्व येऊन बसलं, असं कधी घडत नाही. मला हे वाचन पटतं, आणि तुमच्या कामाचंही आहे, कारण सिद्धतेला याहून अधिक काही लागत नाही. तिला लागतं ते एवढंच: त्या वस्तूचं ‘काय’ तपासलं तर ‘आहे’चा खुलासा त्यात सापडत नाही. अस्तित्व बाहेर वेगळी वस्तू आहे की नाही, हा वाद बाजूला ठेवूनही हे खरं राहतं.

इथून ‘शक्य’ हा शब्द येतो. तुमची मांडणी ज्याच्याशिवाय कोसळली, तो हाच. कोणत्याही स्वरूपाकडे त्याच्यापुरतं पाहिलं तर तीन गोष्टी संभवतात. ते स्वतःहून अस्तित्व मागत असेल, तर ते ‘वाजिब’, म्हणजे अनिवार्य (आपला ‘वाजवी’ याच शब्दातून आला, अर्थ मात्र सौम्य झाला). ते स्वतःहून अस्तित्व नाकारत असेल, तर ते अशक्य. दोन्ही करत नसेल, तर ते ‘मुमकिन’, शक्य. शक्य याचा अर्थ ‘उद्या कदाचित होईल’ असा घेऊ नका. तुमच्या समोरचं टेबल आज आहे, आत्ता आहे, आणि तरी ते शक्यच आहे. शक्यता ही त्याच्या स्वरूपाची स्थिती आहे. ती वेळेशी बांधलेली नाही. एखादी वस्तू अनादी काळापासून असेल, तरी तिच्या स्वरूपात ‘आहे’चा खुलासा नसेल तर ती शक्यच राहते. म्हणूनच अनादी जग मानूनही इब्न सीना सगळ्या जगाला शक्य म्हणू शकतो. ‘जगाला सुरुवात आहे, म्हणून सुरुवात करणारा आहे’ असं म्हणणाऱ्या कलामवाद्यांपासून, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रज्ञांपासून, त्याची वाट इथे वेगळी होते.

शक्य वस्तूची दोन्ही पारडी तिच्यापुरती समतोल असतात. ती आहे, म्हणजे असण्याचं पारडं खाली गेलं. ते तिच्या स्वरूपाने नेलं नाही, हे शक्य या शब्दातच आलं. म्हणून दुसऱ्या कशाने तरी नेलं. ‘शक्य वस्तूला कारण असतं’ हे वाक्य असं मिळतं, आणि ते ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ यापेक्षा किती अरुंद आणि किती घट्ट आहे ते पाहा. पुढे, कारण पूर्ण हजर झालं की ती वस्तू अनिवार्य होते, पण दुसऱ्यामुळे. ‘नजात’मधली उदाहरणं आहेत: चार हे स्वतः अनिवार्य नाही, दोन आणि दोन धरले की अनिवार्य, जळणं स्वतः अनिवार्य नाही, जाळणारं आणि जळू शकणारं भिडलं की अनिवार्य. ‘स्वतः अनिवार्य’ आणि ‘दुसऱ्यामुळे अनिवार्य’ हे शब्द निबंधात प्रत्येक ठिकाणी पूर्ण लिहा. नुसतं ‘अनिवार्य’ लिहिलं की तिसऱ्या पानावर तुमचा स्वतःचाच घोटाळा होईल. मीही शिकवण्याच्या पहिल्या काही वर्षांत फळ्यावर आखूड शब्द लिहायचे, आणि निम्मा वर्ग टेबललाच ईश्वर करून बसायचा.

आता मूळ सिद्धता. सुरुवात एवढ्यानेच होते: काहीतरी आहे. गती दिसते, किंवा जगात व्यवस्था दिसते, असलं काही त्याला लागत नाही. आत्मवृत्तात इब्न सीना सांगतो की ॲरिस्टॉटलचं ‘मेटाफिजिक्स’ त्याने चाळीस वेळा वाचलं तरी उमगलं नाही, आणि मग पुस्तकबाजारात तीन दिरहमना विकत घेतलेल्या, त्याच्या आधीच्या काळातल्या तत्त्वज्ञ फाराबीच्या एका छोट्या ग्रंथाने ते उलगडलं. त्या ग्रंथात फाराबी सांगतो की हे शास्त्र केवळ ईश्वराविषयीचं शास्त्र नव्हे, त्याचा विषय अस्तित्वमात्र आहे. इब्न सीनाने सिद्धतेची पहिली पायरी अगदी त्याच जागी ठेवली आहे.

जे आहे ते एकतर स्वतः अनिवार्य आहे किंवा शक्य. स्वतः अनिवार्य असेल तर आपलं काम झालं. शक्य असेल तर त्याला कारण आहे. ते कारणही शक्य असेल तर त्यालाही कारण आहे. इथे तुम्ही ‘हे कुठेतरी थांबायलाच हवं’ असं म्हणालात. तो तसं म्हणत नाही. तो म्हणतो, चालू दे कितीही. आता सगळे शक्य एकत्र घ्या, एकाच वेळी हजर असलेले, आणि त्या सगळ्यांच्या समूहाला विचारा: तू काय आहेस, स्वतः अनिवार्य की शक्य?

समूह स्वतः अनिवार्य असू शकत नाही, कारण तो आपल्या घटकांमुळे उभा आहे, आणि जे दुसऱ्यामुळे उभं असतं ते स्वतः अनिवार्य नसतं. तेव्हा समूह शक्य. शक्य आहे तर त्याला कारण आहे. ते कारण समूहाच्या आत आहे की बाहेर? आत असेल तर ते समूहातलंच एक शक्य असलं पाहिजे. पण समूहाला अस्तित्व देणारं म्हणजे त्याच्या घटकांना अस्तित्व देणारं, आणि त्या घटकांत ते स्वतःही आलं. मग ते स्वतःचंच कारण झालं. इब्न सीना इथे फार मार्मिक टिपणी करतो: हे अशक्य आहे, पण समजा खरं धरलं, तरी जे स्वतःच्या अस्तित्वाला स्वतःच पुरतं तेच अनिवार्य, म्हणजे आपण ज्याच्या शोधात होतो ते सापडलंच. राहता राहिलं बाहेरचं. सगळे शक्य समूहात घेऊन झाल्यावर बाहेर जे उरतं ते शक्य असू शकत नाही, आणि जे आहे ते अशक्यही असू शकत नाही. तेव्हा ते स्वतः अनिवार्य.

आता आईचा प्रश्न. हे उदाहरण बर्ट्रंड रसेलने 1948 साली बीबीसीवर जेझुइट धर्मगुरू कोपलस्टनशी झालेल्या चर्चेत दिलं होतं, आणि त्याला दोन उत्तरं आहेत. तुमच्या मित्राला दोन्ही द्या.

पहिलं उत्तर समूहाविषयीचं आहे. घटकांचा गुण समूहाला लागतोच असं नाही, हे खरं. एकेक धागा हलका असतो, पण लुगडं हलकं असतं असं नाही. मात्र प्रत्येक फरशी लाल असेल तर जमीन लाल असते. म्हणजे गुण समूहाला लागतो की नाही, हे त्या त्या गुणावर ठरतं. इब्न सीना ‘प्रत्येक शक्य, म्हणून समूह शक्य’ अशी उडी मारतच नाही. समूह घटकांवर अवलंबून आहे, आणि अवलंबून असणारं स्वतः अनिवार्य नसतं, असा वेगळा युक्तिवाद तो देतो. हवं तर त्या युक्तिवादावर हल्ला करा, पण तिथे नसलेल्या उडीवर करू नका.

दुसरं उत्तर मला अधिक महत्त्वाचं वाटतं. आईची साखळी ही या सिद्धतेतली साखळी नाहीच. ‘शिफा’च्या सहाव्या प्रकरणात इब्न सीना घर बांधणारा, बाप आणि विस्तव यांची उदाहरणं घेतो. गवंडी विटा हलवतो, रचतो, आणि त्याचं कारण असणं तिथे संपतं. तो गेला तरी घर टिकतं, कारण घर टिकवून धरणारं दुसरं काही आहे: त्या सामग्रीचा स्वभाव. बापही मुलाच्या अस्तित्वाचं खरं कारण नव्हे, तो पूर्वतयारीच्या हालचालीचं कारण. म्हणूनच बाप मेला तरी मूल राहतं. अशी तयारी करणारी कारणं एकामागून एक येतात आणि जातात, आणि त्यांची साखळी अनंत असायला हरकत नाही. अस्तित्व देणारं कारण मात्र, कार्य जोवर आहे तोवर हजर लागतं. ‘एकाच वेळी हजर असलेले’ हे शब्द सिद्धतेत आहेत ते यासाठी.

आपल्या चाळीतल्या उसनवारीवरून हे समजून घ्या. ‘क’च्या घरी साखर नाही. ती ‘ख’कडे उसनी मागायला जाते. ‘ख’ म्हणते, माझ्याकडेही नाही, ‘ग’कडून आली की लगेच देते. ‘ग’ हेच म्हणते, आणि पुढच्या दारी प्रत्येक जण हेच म्हणतो. आता चाळ कितीही लांब करा. दहा बिऱ्हाडं असोत की अगणित, ‘क’च्या वाटीत साखर पडत नाही. अडचण चाळ लांब असण्याची नाही. ज्यांच्याकडे स्वतःची साखर नाही अशांचीच ती चाळ आहे, ही अडचण आहे. आणि ‘क’च्या वाटीत साखर आहे असं दिसलं, तर कुणाकडे तरी उसनी नसलेली साखर आहे, एवढं नक्की. शक्य वस्तू म्हणजे जिचं अस्तित्व उसनं आहे अशी वस्तू. आईच्या साखळीत असं नसतं. आईने जन्म दिल्यावर तुमचं असणं तिच्या असण्याला क्षणोक्षणी टांगलेलं नसतं.

आता सिद्धतेचा जो सांधा खरोखर कच्चा वाटतो, तो दाखवते. परीक्षक हुशार असेल तर तिथेच बोट ठेवेल. समूहाचं कारण समूहाच्या आत असू शकत नाही, ही ती पायरी. पुढच्या भाष्यकारांनी यावर एक फार सुंदर हरकत काढली. साखळी अनंत आहे असं धरा. ‘क’ला ‘ख’ने अस्तित्व दिलं, ‘ख’ला ‘ग’ने, आणि असंच पुढे. आता शेवटचं कार्य ‘क’ बाजूला काढा आणि उरलेला सगळा भाग एकत्र घ्या. हा उरलेला भाग हजर झाला की ‘क’ येतो, म्हणजे पूर्ण समूह येतो. मग हा उरलेला भागच पूर्ण समूहाचं कारण का नाही? तो समूहाच्या आतच आहे, आणि तो स्वतःचं कारणही होत नाही, कारण त्याच्या प्रत्येक घटकाला त्याच्याच आतल्या आधीच्या घटकाने अस्तित्व दिलेलं आहे. ह्यूमने अठराव्या शतकात मांडलेली हरकत याच जातीची आहे: वीस कणांच्या समूहातल्या प्रत्येक कणाचा खुलासा वेगवेगळा दिला, की समूहाचा आणखी खुलासा मागणं व्यर्थ.

‘इशारात’मध्ये इब्न सीनाचं एक वाक्य आहे, जे लोक घाईत ओलांडून जातात. समूहातला काही भाग समूहाचं कारण आहे म्हणाल, तर कोणताही भाग दुसऱ्यापेक्षा अधिक हक्काचा नाही, कारण तो भागही कार्यच आहे, आणि त्याचं कारण त्याच्याहून अधिक हक्काचं. हेच वाक्य इथे लावून पाहा. ‘क’ काढून उरलेला भाग कारण म्हणाल, तर त्यातून ‘ख’ काढून उरलेला भाग त्याचं कारण, म्हणून अधिक हक्काचा. मग ‘ग’ काढून उरलेला त्याहून अधिक. कारणपदाचा हक्क प्रत्येक वेळी एक दार पुढे सरकतो आणि कुठेही ठरत नाही. हा खुलासा पुढे ढकलत राहणं आहे, आणि ह्यूमच्या बाजूने बोलणारा माणूस म्हणेल की ढकलण्यात काय वाईट, प्रत्येकाचा खुलासा तर मिळतोय. म्हणजे अखेर प्रश्न असा उरतो: प्रत्येक उसनवारीचा हिशेब लागला, की साखर आली कुठून याचा हिशेब लागला असं तुम्ही मानता का? मी मानत नाही. अस्तित्व हे खरोखर दुसऱ्याकडून मिळालेलं असेल, तर मिळालेल्यांच्या यादीतून देणारा निघत नाही. पण हे मान्य होण्यासाठी शक्य वस्तूला स्वतःचं असं अस्तित्व अजिबात नसतं, हे आधी मान्य व्हावं लागतं. तुमच्या सरांनी बोट ठेवलं ते नेमकं इथे. स्वरूप-अस्तित्व भेद मनात पक्का असेल, तर साखळीचं उत्तर पटतं. तो सोडला, तर ह्यूम जिंकतो. माझ्या मते तुमच्या निबंधाचा कणा हाच असावा.

हा भेद दुसऱ्यांदा कामाला येतो तो सिद्धतेनंतर. स्वतः अनिवार्य असं काही आहे, एवढं मिळालं. त्याचं ‘काय’ काय आहे? ‘शिफा’च्या आठव्या प्रकरणातलं उत्तर असं, की असण्यापलीकडे वेगळं ‘काय’ त्याला नाही. समजा, त्याला अस्तित्वाहून वेगळं स्वरूप आहे. मग अस्तित्व त्या स्वरूपाला कुठून आलं? बाहेरून आलं असेल, तर ते दुसऱ्यामुळे अनिवार्य ठरलं, आणि आपण तर स्वतः अनिवार्य धरलं होतं. त्या स्वरूपानेच स्वतःला अस्तित्व दिलं म्हणाल, तर देण्यासाठी ते आधी असायला हवं, म्हणजे अस्तित्वाच्या आधी अस्तित्व. स्वरूप आपल्या इतर गुणांचं कारण होऊ शकतं, जसं दोन असणं हे सम असण्याचं. पण अस्तित्वाचं ते कारण होऊ शकत नाही.

इब्न सीनाचा टीकाकार भाष्यकार फख्रुद्दीन राझी याने इथे जोरदार अडवणूक केली. शक्य वस्तूचं स्वरूप अस्तित्व स्वीकारतं, तेव्हा स्वीकारण्याआधी ते असावं लागतं असं तुम्ही म्हणत नाही. मग देण्याआधी असावं लागतं, हा हट्ट का? तूसीचं उत्तर वर आलेल्या त्याच्या वाचनातूनच निघतं. स्वीकारणं ही बुद्धीतली गोष्ट आहे. बाहेर कुणी रिकामं स्वरूप हात पसरून उभं नसतं. देणं मात्र बाहेर घडतं, आणि बाहेर देण्यासाठी असावंच लागतं. निबंधात हा वाद एक पूर्ण पान घेऊ द्या. भेद बुद्धीतला की वस्तूतला, या प्रश्नाला खरं वजन आहे, हे दाखवायला याहून चांगली जागा नाही.

इथून पुढे सावध राहा. आतापर्यंत जे मिळालं ते ‘निदान एक’ आहे, ‘एकच’ नव्हे. एकत्वाचा युक्तिवाद वेगळा आहे: दोन अनिवार्य असतील तर त्यांना वेगळं करणारं काहीतरी लागेल, आणि मग प्रत्येक जण समान अंश आणि वेगळा अंश यांचा जोड ठरेल, म्हणजे आपल्या अंशांवर अवलंबून. त्यावर तेराव्या शतकातल्या बगदादच्या इब्न कम्मूनाच्या नावाने ओळखली जाणारी शंका आहे. दोघेही पूर्ण निरवयव असतील, स्वतःच एकमेकांहून वेगळे असतील, आणि ‘अनिवार्य’ हा नुसता शब्द दोघांना लावला जात असेल तर? ज्ञान, इच्छा, कृपा हे तर आणखी पुढचं. तुमच्या सेमिनारमध्ये पहिल्या कारणावरून थेट ईश्वरावर उडी पडली असेल, तर ती काढून टाका आणि निबंध ‘स्वतः अनिवार्य असं निदान एक आहे’ इथेच थांबवा.

कांटचा आक्षेपही तुमच्याकडे येईल: ही सिद्धता शेवटी कल्पनेतून अस्तित्व काढते. उत्तर थोडक्यात द्या. पहिलं विधान ‘काहीतरी आहे’ असं आहे. कोणत्याही व्याख्येतून अस्तित्व काढलेलं नाही. ‘स्वरूप हेच अस्तित्व’ हे वाक्य सिद्धतेनंतर येतं, आधी नाही. तुमच्या मसुद्यात ते आधी आलेलं असेल, तर कांट खरोखरच तुमच्यावर लागू होईल.

मसुदा झाल्यावर एक तपासणी करा. ‘शक्य’ हा शब्द जिथे जिथे आला आहे, तिथे ‘ज्याच्या स्वरूपात त्याच्या अस्तित्वाचा खुलासा नाही असं’ हे लांबलचक शब्द ठेवून वाक्य वाचा. वाक्य टिकलं, तर ते इब्न सीनाचं. ‘शक्य’च्या जागी ‘ज्याला सुरुवात झाली असं’ ठेवल्यावरच ते अधिक बरं वाटत असेल, तर तिथे तुम्ही नकळत कलामवाद्यांकडे गेला आहात. त्या परिच्छेदाला पुन्हा हात घाला. आणि मित्राला निबंध वाचायला द्या. उरलेला भाग समूहाचं कारण का नाही, हा प्रश्न त्याच्या तोंडून आला, तर निबंधाचं शेवटचं पान त्या प्रश्नासाठी मोकळं ठेवा.